सहा तासांचं रेकॉर्डिंग, पाच एमबीपीएसची लाइन: एक प्रकरण अभ्यास

रेकॉर्डिंग एका दिवसभराच्या कार्यक्रमाचं होतं. एकूण सहा तास, त्यातले चार तास व्याख्यानं, एक तास पूर्ण पडदाभर स्लाइड्स आणि शेवटचा एक तास रंगमंचावरचा समूहनृत्याचा कार्यक्रम, धूर आणि रंगीत दिव्यांसह. कॅमेरा १०८० पी, २५ फ्रेम्स आणि ५० एमबीपीएस या ठरीव बिटरेटवर लावलेला. सहा तास म्हणजे २१,६०० सेकंद. त्याला ५० ने गुणून आठाने भागलं की १३५ जीबी होतात. अपलोडला मिळणारा वेग ५ एमबीपीएस. मूळ फाइल आहे तशी चढवायची तर अखंड साठ तास लाइन चालू ठेवावी लागली असती, तीही एकदाही न तुटता.

संयोजकांना व्हिडिओ दुसऱ्या दिवशी सकाळी हवा होता. आठ तासांच्या रात्रीत ५ एमबीपीएसने १८ जीबी जातात. पण लाइन रात्रभर पूर्ण वेगाने चालेल यावर कुणी पैज लावत नाही, म्हणून मर्यादा १६ जीबी धरली. त्यातला अर्धा जीबी १९२ केबीपीएसच्या आवाजाला द्यायचा. म्हणजे चित्राला साडेपंधरा जीबी, सरासरी साधारण ५.७ एमबीपीएस.

इथे सोपा मार्ग असा, की बिटरेट ५.७ वर बांधावा आणि मोकळं व्हावं. दोन फेऱ्यांचं एन्कोडिंग केलं तर फाइल ठरल्या आकाराची येते, आणि अवघड भागाला जास्त व सोप्याला कमी बिट्स ही वाटणीही ते करतं. मात्र त्या आकारात चित्र कसं दिसेल हे कळायला मार्ग नाही. कदाचित दहा जीबीतही तेच दिसलं असतं, कदाचित सोळातही नृत्याचा तास खराब झाला असता. म्हणून सीआरएफ पद्धतीने, म्हणजे दर्जाची पातळी ठरवून आकार जसा येईल तसा येऊ देत, वेगवेगळ्या सेटिंगची मोजदाद करायची ठरली. सीआरएफचा आकडा जितका लहान, तितका दर्जा वरचा आणि फाइल मोठी. मोजमाप व्हीमॅफचं. नेटफ्लिक्सने २०१६ साली खुलं केलेलं हे मोजमाप मूळ चित्र आणि एन्कोड केलेलं चित्र शेजारी ठेवून दर फ्रेमला ० ते १०० मध्ये गुण देतं. माणसांनी दिलेल्या पसंतीच्या गुणांवर ते शिकवलेलं आहे, त्यामुळे नुसता पिक्सेलांमधला फरक मोजणाऱ्या पीएसएनआरपेक्षा डोळ्याच्या अधिक जवळ जातं.

नमुने कुठून घ्यायचे

सहा तास पुन्हा पुन्हा एन्कोड करून मोजणं शक्य नसतं, त्यामुळे तुकडे घ्यावे लागतात. सगळी तुलना या तुकड्यांवर उभी राहते आणि घोळही बहुतेक इथेच होतो. फाइल उघडून मनाला येईल तिथून दोन-तीन तुकडे काढले, तर व्याख्यात्याचा स्थिर चेहराच हाती लागतो, कारण वेळेचा मोठा भाग त्यानेच व्यापलेला असतो. बिट्स मात्र तिथे जात नाहीत.

बिट्स कुठे जातात हे कॅमेऱ्याच्या फाइलवरून कळत नाही. तिथे स्लाइडलाही ५० एमबीपीएस आणि नाचालाही ५०. म्हणून आधी पूर्ण रेकॉर्डिंग निम्म्या रुंदी-उंचीला आणून, अल्ट्राफास्ट या सर्वांत वेगवान प्रीसेटवर आणि एकाच सीआरएफवर भरभर एन्कोड केलं. या फाइलचा दर्जा कसा का असेना. तिच्यात दर मिनिटाला किती बाइट्स खर्च झाले एवढंच पाहायचं होतं:

```
ffprobe -v error -select_streams v:0 \
 -show_entries packet=pts_time,size -of csv=p=0 quick.mp4
```

ही यादी मिनिटामिनिटाने बेरजून तिचा आलेख काढला, तर कार्यक्रमाचा नकाशाच समोर येतो. स्लाइड्सचा तास जमिनीला टेकलेला, व्याख्यानं थोडी वर, नृत्याचा तास डोंगरासारखा. व्याख्यानांमध्येही अधूनमधून सुळके होते. ते कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरल्याचे निघाले. मग नमुने त्या नकाशावरून घेतले. प्रत्येक गटातून एक सर्वसाधारण आणि एक सर्वांत अवघड, असे तीस-तीस सेकंदांचे तुकडे. नृत्यातून मात्र चार घेतले, कारण तिथे धूर, वेगवान हालचाल, दिव्यांची लुकलुक आणि दिवे हळूहळू मावळण्याचे क्षण हे चारही प्रकार वेगळे वागतात.

तुकडे कापताना मूळ फाइलमधून थेट कॉपी करून कापू नयेत. अशी काप की-फ्रेमवर, म्हणजे जवळच्या स्वतंत्रपणे साठवलेल्या पूर्ण फ्रेमवर सरकते, आणि संदर्भ कुठे सुरू होतो हेच नक्की राहत नाही. त्याऐवजी डिकोड करून एफएफव्ही१ या हानीविरहित स्वरूपात साठवलं, की संदर्भ पक्का होतो:

```
ffmpeg -ss 05:12:00 -i full.mov -t 30 -map 0:v:0 \
 -c:v ffv1 ref_smoke.mkv
```

मोजमापाची आधी परीक्षा

कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी संदर्भाची तुलना त्याच संदर्भाशी केली. गुण १०० यायला हवेत असं वाटतं, पण स्थिर चित्रात ते ९७ च्या थोडे वर येऊन थांबतात. व्हीमॅफच्या सूत्रात हालचालीचा एक घटक आहे. हालचाल शून्य असली की हुबेहूब सारख्या फ्रेमलाही पूर्ण गुण मिळत नाहीत. हे माहीत नसेल तर स्लाइड्सना ९७ पडलेले पाहून माणूस सीआरएफ खाली खाली आणत बसतो आणि फाइल उगाच फुगते.

दुसरी परीक्षा फ्रेम्स जुळण्याची. एन्कोड केलेली फाइल आणि संदर्भ यांत एका फ्रेमचा जरी फरक पडला, तरी हालचाल असलेल्या तुकड्यांचे गुण कोसळतात, आणि स्थिर तुकड्यांना फारसा धक्का लागत नाही. हीच ओळखण्याची खूण आहे. सीआरएफ १० सारख्या सढळ सेटिंगलाही नाचाचे गुण सत्तरीत अडकले आणि सेटिंग बदलून ते हलत नसतील, तर दोष एन्कोडरचा नाही. एमकेव्हीत वेळेचे शिक्के साधारणपणे मिलिसेकंदात गोलाकार होतात. २५ फ्रेम्सला प्रत्येक फ्रेम बरोबर ४० मिलिसेकंदांची असल्याने ते निभावतं, पण २९.९७ ला निभावत नाही. त्यामुळे दोन्हीकडच्या फ्रेम्सची संख्या एक आहे हे पाहून वेळेचे शिक्के फ्रेमच्या क्रमांकावरूनच नव्याने दिलेले बरे:

```
ffmpeg -i test20.mp4 -i ref_smoke.mkv -lavfi \
"[0:v]setpts=N/25/TB[d];[1:v]setpts=N/25/TB[r];\
[d][r]libvmaf=log_fmt=json:log_path=test20.json" \
-f null -
```

आधी एन्कोड केलेली फाइल, मग संदर्भ, हा क्रम महत्त्वाचा. उलटा दिला तरी आज्ञा बिनतक्रार चालते आणि आकडेही छापते.

आकडे

एन्कोडर एक्स२६४, प्रीसेट स्लो. एकेका गटाचा बिटरेट तुकड्यांवरून काढला, मिनिटांच्या नकाशावरून थोडा सावरला, आणि तासांच्या प्रमाणात जोडून पूर्ण फाइलचा अंदाज बांधला. सीआरएफ २० ला व्याख्यानं ३ एमबीपीएस, स्लाइड्स ०.८ आणि नृत्य १६. चार तास तीनने, एक तास ०.८ ने आणि एक तास सोळाने, त्याची सरासरी ४.८ एमबीपीएस. म्हणजे जवळजवळ १३ जीबी. यातले निम्म्याहून जास्त बिट्स एकट्या नृत्याच्या तासाने खाल्लेले आहेत. म्हणजे आकाराचा प्रश्न खरं तर त्या एका तासाचा होता.

| सीआरएफ | चित्राचा अंदाजे आकार | अपलोडचा वेळ | व्याख्यानं, सरासरी गुण | नृत्य, सरासरी गुण |
|---|---|---|---|---|
| १८ | १८.३ जीबी | ८.१ तास | ९६.९ | ९५.८ |
| २० | १३ जीबी | ५.८ तास | ९६.२ | ९४.३ |
| २३ | ८.४ जीबी | ३.७ तास | ९४.६ | ९१.० |

हे आकडे या कॅमेऱ्याचे, या दिव्यांचे आणि या तुकड्यांचे. दुसऱ्या रेकॉर्डिंगला तेच सीआरएफ लावलं तर आकार दुप्पटही येईल.

१८ मर्यादेबाहेर गेलं. सीआरएफ सहाने कमी केलं की बिटरेट साधारण दुप्पट होतो असा ठोकताळा सांगतात, पण इथे दोनानेच आकार चाळीस टक्क्यांनी वाढला. कारण कॅमेऱ्याचा नॉइज. सीआरएफ एका पातळीच्या खाली गेलं की एन्कोडर अंधारातला तो दाणेदारपणा जसाच्या तसा जपायला लागतो, आणि दाण्यांना ना आकार ना पुनरावृत्ती, त्यामुळे ते महाग पडतात. व्हीमॅफही त्याला साथ देतं. त्याच्या दृष्टीने नॉइज हा मूळ चित्राचाच भाग, तो गेला की गुण कापले. प्रेक्षकाला मात्र तो गेल्याचं दुःख होत नाही.

राहिले २० आणि २३. नृत्यात सव्वातीन गुणांचा फरक. साधारण सहा गुणांचा फरक बहुतेकांच्या नजरेत येतो, असा एक ठोकताळा आहे. त्या हिशेबाने २३ चालायला हवं होतं. पण सरासरी फार गोड बोलते. जेसन फाइलमध्ये दर फ्रेमचे गुण असतात. ते चढत्या क्रमाने लावून खालचा एक टक्का पाहिला, तेव्हा २३ ला ७४ आणि २० ला ८३ दिसले. हार्मोनिक सरासरी लायब्ररी स्वतःच देते, पण एका तासात दोन सेकंदांचा खड्डा तिच्यातही सहज लपतो. खालचा टक्का तेवढा हाताने काढावा लागतो.

त्या पडलेल्या फ्रेम्स मग एकेक करून पाहिल्या. काही दिव्यांच्या लखलखाटाच्या होत्या. एका फ्रेममध्ये रंगमंच पांढरा, पुढच्यात काळा. तिथे गुण पडले तरी डोळा ४० मिलिसेकंदांत बारीक तपशील टिपत नाही, त्या सोडून दिल्या. पण बाकीच्या फ्रेम्स दिवे मावळण्याच्या क्षणांच्या होत्या. मागच्या पडद्यावर प्रकाश हळूहळू उतरतो, त्यावर धूर तरंगतो, आणि २३ ला त्या धुराचे चौकोनी ठोकळे झाले होते. असा क्षण तीन-चार सेकंद टिकतो आणि सगळ्यांच्या नजरा तिथेच असतात. २३ इथेच बाद झालं.

गुण चांगले, चित्र वाईट

२० ला ठोकळे गेले, पण मावळत्या प्रकाशात पट्टे राहिले. निळ्यापासून काळ्यापर्यंत जाणारी छटा अखंड उतरण्याऐवजी पायऱ्यापायऱ्यांनी उतरत होती. त्या फ्रेम्सना गुण मात्र ९५ च्या वर. व्हीमॅफची ही ओळखीची उणीव आहे. दोन शेजारच्या पायऱ्यांत फरक एखाद-दुसऱ्या पातळीचा असतो, आणि असा सूक्ष्म फरक त्याच्या गणितात जवळपास शून्य ठरतो. डोळा मात्र लांबलचक कडा लगेच पकडतो. नेटफ्लिक्सने पट्ट्यांसाठी कॅम्बी नावाचं वेगळं मोजमाप काढलं, ते याच कारणाने. अंधाऱ्या खोलीत, पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून तो तुकडा पाहिला की कॅम्बीशिवायही काम भागतं.

उपाय एक्स२६४ मध्येच आहे. बिट्सची वाटणी ठरवणारा `aq-mode` मुळात १ वर असतो. तो ३ केला की अंधाऱ्या भागांना झुकतं माप मिळतं. पट्टे पूर्ण गेले नाहीत, कारण आठ बिटांच्या चित्रात ते सहसा पूर्ण जात नाहीत, पण शोधावे लागतील इतके फिके झाले. नृत्याच्या गुणांत फरक पडला जेमतेम ०.२ चा. आकार मात्र १३ वरून १४.५ जीबी झाला. नुसत्या तक्त्याकडे पाहून कुणी हा सौदा केला नसता: बारा टक्के जास्त फाइल, हाती जवळजवळ काही नाही. इथे तक्ता बाजूला ठेवला.

दुसरी अंध जागा रंगाची. व्हीमॅफचं हे मॉडेल फक्त उजळपणा मोजतं, रंगाच्या वाहिन्या पाहतच नाही. गडद लाल दिव्याखाली चित्रातला बहुतेक तपशील रंगातच असतो. म्हणून लाल दिव्यांच्या तुकड्यावर एफएफएमपेगचं `psnr` फिल्टरही चालवलं, ते रंगाच्या दोन वाहिन्यांचे आकडे वेगळे देतं. २० ला दोन्ही सुस्थितीत होते, त्यामुळे त्या बाजूला अधिक वेळ घालवला नाही.

चढवल्यानंतर काय उरतं

व्हिडिओची संकेतस्थळं आलेली फाइल जशीच्या तशी दाखवत नाहीत. तिथे ती पुन्हा एन्कोड होते, बऱ्याचदा आपल्यापेक्षा कितीतरी कमी बिटरेटवर. मग आपण मोजत असलेली फाइल प्रेक्षक पाहणारच नसतील, तर या गुणांना अर्थ काय?

त्यासाठी दुसरी पायरी बनवून पाहिली. त्यांच्या एन्कोडरची सेटिंग आपल्याला ठाऊक नसते, म्हणून एक सौम्य आणि एक कडक असे दोन पर्याय घेतले. कडक म्हणजे नृत्यालाही ३ एमबीपीएस. आपल्या प्रत्येक चाचणी-फाइलला या दुसऱ्या फेरीतून काढायचं आणि अंतिम चित्राची तुलना मूळ संदर्भाशी करायची. तुलना आपल्या पहिल्या फेरीच्या फाइलशी केली तर प्रश्नच बदलतो. तेव्हा पहिल्या फेरीत गेलेला तपशील कुणाच्याच खात्यावर पडत नाही, आणि खराब फाइललाही भरघोस गुण मिळतात.

कडक फेरीनंतर नृत्याचे गुण असे आले: मूळ संदर्भ थेट दिला तर ८०.२, सीआरएफ १८ मधून ७९.९, २० मधून ७९.६, २३ मधून ७८.३. पहिल्या फेरीतलं १८ आणि २० मधलं दीड गुणाचं अंतर इथे ०.३ वर आलं. म्हणजे १८ साठी मोजायचे जास्तीचे पाच जीबी प्रेक्षकापर्यंत पोचतच नाहीत. २३ मात्र इथेही मागे राहिलं, कारण धुरातले ठोकळे दुसऱ्या एन्कोडरला खऱ्या कडा वाटतात आणि तो आपले तुटपुंजे बिट्स त्यांच्यावर उधळतो. सौम्य फेरीत अंतरं थोडी मोठी होती, क्रम तोच. संयोजकांना २० चं कारण सांगताना पहिल्या तक्त्यापेक्षा हीच चार आकड्यांची ओळ कामी आली.

एक्स२६५ का नाही

हा प्रश्न कुणीतरी विचारतोच. एक्स२६५ या एचईव्हीसी स्वरूपाच्या नव्या एन्कोडरने तेवढेच गुण सुमारे तीस टक्के कमी आकारात दिले, यात वाद नाही. पण हिशेब अपलोडच्या वेळेबरोबर एन्कोडिंगच्या वेळेचाही आहे. सहा तासांच्या ५,४०,००० फ्रेम्स. आमच्या यंत्रावर एक्स२६४ स्लो सेकंदाला ६० फ्रेम्स करत होता, म्हणजे अडीच तास. एक्स२६५ स्लो १२ करत होता, म्हणजे साडेबारा. वाचलेले चार जीबी अपलोडचे पावणेदोन तास वाचवतात, आणि त्यासाठी दहा तास आधी द्यायचे. एक्स२६४ व्हेरीस्लोचंही तेच: आकारात जेमतेम काही टक्के, वेळेत चौपट. लाइन आणखी मंद असती, किंवा फाइल दहा ठिकाणी पाठवायची असती, तर उत्तर उलटं आलं असतं.

शेवटी चाललेली आज्ञा ही:

```
ffmpeg -i full.mov -c:v libx264 -preset slow -crf 20 \
 -aq-mode 3 -pix_fmt yuv420p -c:a aac -b:a 192k \
 -movflags +faststart upload.mp4
```

आवाजासकट अंदाज १५ जीबीचा होता, फाइल आली १५.६ जीबीची. फरक प्रेक्षकांवरून फिरणाऱ्या कॅमेऱ्याचा. ते सुळके नकाशात होते, पण तुकड्यांवरून सरासरी काढताना कमी धरले गेले होते. मर्यादा १६ वर ठेवली होती म्हणून ते खपलं. चढवण्याआधी पूर्ण फाइलमधून धुराचा आणि दिवे मावळण्याचा भाग पुन्हा डिकोड करून संदर्भाशी ताडला. गुण चाचणीच्या तुकड्यांपेक्षा किंचित वेगळे आले, कारण लांब फाइलमध्ये की-फ्रेम्स वेगळ्या ठिकाणी पडतात, पण खालचा टक्का ८२ च्या खाली गेला नाही. अपलोडला सात तास लागले. चढल्यावर संकेतस्थळ आधी कमी रिझोल्यूशनची आवृत्ती दाखवत होतं, त्यामुळे १०८० पी यादीत दिसेपर्यंत कुणीही दर्जावर मत द्यायचं नाही, असं संयोजकांना आधीच सांगून ठेवलं होतं.